सोळा गावांचं सोलापूर आणि 'तुमची नावं'

मंद्रूपच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात सकाळी चहाला बसलं की रस्त्याचं एक टोक सोलापूरकडे जाताना दिसतं आणि दुसरं विजापूरकडे. गेल्या वर्षी याच बाकावर एक निवृत्त गुरुजी पेपर वाचता वाचता मला म्हणाले, "काय भाई, तुमची नावं एकेक करून चालली की. उस्मानाबाद गेलं, औरंगाबाद गेलं, आता नगरपण."

गुरुजी भले माणूस. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी शिकवलंय. बोलण्यात टोमणा नव्हता, उलट थोडी हळहळच होती. तरी 'तुमची' हा शब्द माझ्या कपात माशी पडावी तसा पडला. उस्मानाबाद माझं कधीपासून झालं? माझे अब्बा हमाली करत, आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले. निजामाशी आमचं नातं काय? पण धर्म एक म्हणून त्याचं नाव माझ्या खात्यावर टाकलं गेलं, आणि ते पुसलं गेलं तेव्हा नुकसानही माझ्याच खात्यावर.

त्याच दिवशी घरी आलो तर भाची वही घेऊन बसलेली. शाळेत निबंध होता, 'आपल्या जिल्ह्याचे नाव कसे पडले?' अम्मी तिला सांगत होती, "सोला गावां मिलको सोलापूर हुया बेटी, लिख." मी म्हटलं, अम्मी, थांब जरा. आणि तिथून हा लेख सुरू झाला.

सोळा गावांची गोष्ट सोलापुरात प्रत्येकानं ऐकलेली आहे. ती नुसती गप्पही नाही. तिच्यासोबत गावांची यादी येते, आणि ती सरकारी गॅझेटियरमध्येही छापलेली आहे : आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फतेहपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, खंडेरावची वाडी, मुहंमदपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, सोलापूर, सोन्नलगी, सोनापूर, वैदकवाडी. मोजून सोळा. आता एवढी पक्की यादी असल्यावर शंका कोण घेणार?

पण यादी नुसती मोजू नका, वाचा. सोळातलं एक गाव 'सोलापूर' आहे. म्हणजे सोळा गावं एकत्र येऊन सोलापूर हे नाव तयार झालं म्हणायचं, आणि त्या सोळांत सोलापूर नावाचं गाव आधीच बसलेलं! बापाच्या लग्नाला मुलगा वऱ्हाडी म्हणून गेल्यासारखं झालं हे.

दुसरं, यादीतली आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर, मुहंमदपूर, खादरपूर, शेखपूर ही नावं कोणत्या काळातली वाटतात? उघडच सुलतानांच्या काळातली. आदिलशाही आणि निजामशाही दोन्ही १४९० च्या आसपास उभ्या राहिल्या, आणि पुढं सोलापूरच्या किल्ल्यासाठी या दोघांत वर्षानुवर्षं ओढाताण चालली. 'आदिलपूर' आणि 'अहमदपूर' एकाच यादीत आलेत ते काही उगाच नाही. तेव्हा ही यादी खरी असली तरी ती पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या आधी जात नाही. गावाचं नाव त्याहून जुनं निघालं, तर यादीनं नाव दिलं असं म्हणता येणार नाही.

आणि नाव जुनं आहेच. बाराव्या शतकात, कल्याणीच्या कलचुरींच्या काळात, शिवयोगी सिद्धरामेश्वर इथं होऊन गेले. ज्यांची गड्ड्याची यात्रा आपण सगळे लहानपणापासून बघतो, तेच. त्यांच्या काळच्या कन्नड शिलालेखांत या गावाचं नाव आहे 'सोन्नलगे'. बोलताना त्याचं 'सोन्नलगी' झालं, आणि यादवांच्या काळापर्यंत ते चाललं. पुढं मोहोळ तालुक्यातल्या कामती गावी शके १२३८ चा, म्हणजे इ. स. १३१६ चा, संस्कृत शिलालेख सापडतो, त्यात गावाचं नाव 'सोनलीपूर' आहे. सोलापूरच्या किल्ल्यातल्या एका लेखात 'सोनलपूर' येतं. किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या दुसऱ्या लेखात 'संदलपूर'. आता ही नावं एका ओळीत ठेवा. सोन्नलगे, सोनलीपूर, सोनलपूर, सोलापूर. 'सोनलपूर' भरभर म्हणून बघा. मधला 'न' जिभेवर टिकत नाही, 'ल'ला चिकटून विरघळतो. गॅझेटियर लिहिणाऱ्यांनीही शेवटी हेच मत दिलंय की सोनलपूरमधला 'न' गळून सोलापूर झालं असावं. इंग्रजांनी मग आपल्या जिभेप्रमाणं त्याचं 'शोलापूर' केलं.

इथं एक बारीक गोष्ट आहे, ती आमच्या घरात बसूनच माझ्या लक्षात आली. मराठीत आकडा 'सोळा' आहे, 'ळ'चा. गावाचं नाव मात्र 'सोलापूर', 'ल'चं. अस्सल मराठी माणूस सोळाचं 'सोला' कशाला करेल? आणि सिद्धरामेश्वरांच्या कन्नडमध्ये सोळाला 'हदिनारु' म्हणतात, त्याचा तर आवाजही जुळत नाही. मग सोळाला 'सोला' कोण म्हणतं? आम्ही म्हणतो. दखनी बोलणारे. अम्मी 'सोला गावां' म्हणाली तेव्हा तिच्या बोलीत तो हिशेब बरोबर बसला होता. माझं मत असं की ही गोष्ट दखनी-हिंदुस्तानी बोलणाऱ्यांच्या कानात जन्मली असावी. नाव आधीच 'सोलापूर' झालेलं होतं, ऐकणाऱ्याला त्यात ओळखीचा आकडा दिसला, आणि आकडा दिसल्यावर गावं मोजून काढली गेली. तसंच 'सोनल'चं 'संदल' झालं असावं. उरुसात संदल निघतो, तो शब्द कानाला सवयीचा. माणूस परक्या शब्दात आपला शब्द शोधतोच. यात कुणाची लबाडी नाही, हा कानाचा स्वभाव आहे.

म्हणून नावाचा उगम विचारला की पहिली गोष्ट बघायची ती ही, की नाव सर्वांत जुन्या लेखात कसं लिहिलंय. आजच्या रूपावरून अर्थ काढायला गेलं की हमखास फसतो. दुसरी गोष्ट, त्या काळात त्या गावात कोणती भाषा बोलली जात होती. आपला हा मुलूख दोन भाषांचा आहे आणि हजार वर्षांपासून आहे. आमच्याच तालुक्यात, सीना जिथं भीमेला मिळते त्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा, मराठी ओळ असलेला लेख आहे. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आणि त्याच भीमाकाठी कन्नड लेखही रग्गड. नुसत्या मराठीवर किंवा नुसत्या उर्दूवर विसंबून इथल्या नावाचा अर्थ लावणारा चुकणारच. शिलालेखाचीही एक मर्यादा आहे. तो नाव काय होतं हे सांगतो, त्याचा अर्थ सांगत बसत नाही. पण कोणती गोष्ट शक्य नाही, एवढं तो नक्की सांगतो.

हे सगळं मी गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "ते सोलापूरचं झालं. उस्मानाबादचं काय?" बरोबर आहे. सोलापूरचं नाव झिजून बनलं, उस्मानाबादचं हुकुमानं बनलं. दोन्हींना एकाच तराजूत घालता येत नाही.

शेजारच्या त्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. हैदराबाद रोडनं गेलं की नळदुर्ग लागतं. बोरी नदीच्या वळणात बसलेला तो किल्ला आणि त्यातला पाणीमहाल आपल्यापैकी बहुतेकांनी पावसाळ्यात पाहिलेला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, तिथं धरण बांधून त्याच्या पोटात महाल केला. आज नळदुर्ग तुळजापूर तालुक्यातलं एक गाव आहे. पण पूर्वी जिल्ह्याचं नावच 'नळदुर्ग' होतं. १८५३ मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला तेव्हा कारभारी म्हणून मेडोज टेलर इथं राहिला, तो नळदुर्ग जिल्ह्याचा अधिकारी म्हणून. म्हणजे जिल्ह्याचं पहिलं नाव किल्ल्यावरून आलं. कारण तेव्हा जिथं किल्ला तिथं फौज, जिथं फौज तिथं वसुली, आणि जिथं वसुली तिथं जिल्हा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गाहून धाराशिवला गेलं. आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं. किल्ल्याचं नाव गेलं, राजाचं आलं. २०२३ मध्ये राजाचं नाव गेलं आणि गावाचं जुनं नाव परत आलं. जे गाव लेण्यांसाठी ओळखलं जातं आणि जे नाव आसपासच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मधल्या काळातही गेलेलं नव्हतं, ते धाराशिव.

आता मला सांगा, यात माझं काय गेलं? एका जिल्ह्यानं सव्वाशे वर्षांत तीन नावं घेतली. त्यातलं मधलं नाव एका राजानं लावलं, कारण त्याच्या हातात सत्ता होती. त्याला विचारायला इथला मुसलमान शेतमजूर गेला नव्हता आणि हिंदू शेतमजूरही गेला नव्हता. धाराशिव हे नाव परत आल्याचं मला दुःख नाही, हे मी इथं स्पष्ट लिहितो. आमच्यातल्या काही भावांना हे आवडणार नाही. पण राजाच्या नावासाठी रडायला बसलो की 'तुमची नावं' हा शब्द आपणच खरा करतो.

राजाच्या नावाचा धर्माशी संबंध किती, हे औरंगाबादच्या गोष्टीत आणखी चांगलं दिसतं. मूळ गाव खडकी. मलिक अंबरनं ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहर म्हणून वसवलं, पाण्याच्या नहरी केल्या. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, आपल्या नावावरून त्याचं 'फतेहनगर' केलं. मग शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला, आणि फतेहनगरचं औरंगाबाद झालं. म्हणजे त्या शहरात एका मुसलमानाचं नाव पहिल्यांदा पुसलं ते दुसऱ्या मुसलमानानं. तेव्हा कुणी 'तुमची नावं चालली' म्हणालं नसेल. शहराला आपलं नाव देणं हा सत्तेचा शिक्का असतो, नाण्यावरच्या शिक्क्यासारखा. पुढचा येतो तो आपला शिक्का मारतो.

पण शिक्का मारला म्हणजे तो उमटतोच असं नाही, आणि त्याचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यात आहे. मंगळवेढा तालुक्यात, भीमेच्या काठी, माचणूरजवळ ब्रह्मपुरी आहे. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची मुख्य छावणी तिथं होती. हिंदुस्थानच्या बादशहाचा दरबार चार वर्षं त्या गावात भरत होता. त्यानं ब्रह्मपुरीचं नाव 'इस्लामपुरी' केलं. बखरनविसांनी लिहिलं, कागदांवर चढलं. आज त्या गावात जा आणि इस्लामपुरी कुठंय विचारा. बादशहा गेला तसं नावही गेलं, ब्रह्मपुरी आपली जागेवर आहे. कारण काय? छावणीतल्या कागदाला ते नाव माहीत होतं, नदीवर पाणी भरणाऱ्या बाईला नव्हतं. नाव तिच्या तोंडी बसलं तरच टिकतं. औरंगाबाद टिकलं, कारण तिथं शहर वाढलं, बाजार वाढला, पिढ्यान् पिढ्या माणसं ते नाव उच्चारत राहिली, हिंदूही आणि मुसलमानही.

आमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचंही तसंच. विजापूर म्हटलं की लोकांना गोल घुमट आठवतो आणि वाटतं हे नाव आदिलशाहीचं. मुळात ते जुनं 'विजयपूर'. बोलता बोलता 'य' गेला, मराठीत विजापूर झालं, उर्दू-फारसीत बिजापूर. सोनलपूरचा 'न' गेला तसाच हा 'य' गेला. आदिलशहांनी जवळजवळ दोनशे वर्षं राज्य केलं आणि राजधानीचं हे नाव तसंच चालू दिलं. १६८६ मध्ये औरंगजेबानं ते जिंकलं आणि नाण्यांवर त्याला 'दार-उज्-जफर', विजयाचं घर, असं बिरुद लावलं. पण लोक बिजापूर म्हणत राहिले. २०१४ मध्ये कर्नाटक सरकारनं अधिकृत नाव विजयपूर केलं, तेव्हाही अनेकांना वाटलं की एक मुसलमानी नाव बदललं. ते मुसलमानी नव्हतंच, बोलून गुळगुळीत झालेलं होतं. आणि आमच्या स्टँडवरचे लोक अजूनही विजापूरचीच गाडी विचारतात.

आता शेवटची गोष्ट, जी मी गुरुजींना मुद्दाम राखून सांगितली. कोकणात पूर्वी 'कुलाबा' नावाचा जिल्हा होता. तेही किल्ल्याचंच नाव, अलिबागच्या समुद्रातला आंग्र्यांचा कुलाबा. १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव बदलून 'रायगड' केलं गेलं. शिवाजी महाराजांची राजधानी असलेला तो किल्ला १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला तेव्हा त्यांनी त्याला 'इस्लामगड' नाव दिलं होतं. तेही इस्लामपुरीसारखंच विरून गेलं. आणि तीनशे वर्षांनी रायगडाचं नाव अख्ख्या जिल्ह्याला दिलं ते कुणी? तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी. त्याच वर्षी रत्नागिरीतून नवा जिल्हा निघाला, त्यालाही महाराजांच्या जलदुर्गाचं नाव मिळालं, सिंधुदुर्ग.

गुरुजी जरा गप्प झाले. मग म्हणाले, "हे माझ्या ध्यानात नव्हतं."

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंना आहे. आपल्या समाजाला मी म्हणेन की सुलतान, बादशहा, निजाम यांच्या नावांचे आपण वारसदार नाही. त्यांच्या दरबारात आपले पूर्वज बसत नव्हते, बाहेर उभे होते. उस्मानाबाद गेलं म्हणून आपण मातम करायचं कारण नाही. आणि ज्यांना नाव बदललं की इतिहास दुरुस्त झाला असं वाटतं, त्यांना म्हणेन की नाव बदलणं हा सरकारचा अधिकार आहे, खुशाल बदला, पण नवा शिक्का मारला की जुना घडलाच नव्हता असं होत नाही. मीर उस्मान अली खान या जिल्ह्याचे राजे होते, हे खरंच राहील. मलिक अंबरनं खडकीला पाणी आणलं, हेही खरंच राहील. आजोबाच्या सातबाऱ्यावर, बापाच्या दाखल्यावर, मशिदीच्या आणि मंदिराच्या दगडावर जुनी नावं आहेत. शाळेच्या पुस्तकात नव्या नावाच्या शेजारी जुनं नाव आणि ते कधी, कुणी, का लावलं हे छापायला काय हरकत आहे? आज आपण 'सोन्नलगे' ओळखतो ते कुणीतरी तो दगड फोडला नाही म्हणून.

माझी तक्रार नावाबद्दल नाही, त्या एका शब्दाबद्दल आहे. 'तुमची'. सोलापूर हे नाव कन्नड बोलणाऱ्यांनी दिलं, मराठी बोलणाऱ्यांनी झिजवलं, आणि त्याला सोळा गावांची गोष्ट बहुधा दखनी बोलणाऱ्यांनी जोडली. यातलं कोणाचं किती, हे वेगळं काढून दाखवा.

भाचीनं निबंधात दोन्ही लिहिलं. आधी सिद्धरामेश्वरांच्या काळचं सोन्नलगे, मग खाली 'माझी नानी सांगते' म्हणून सोळा गावं. बाईंनी सोळा गावांवर बरोबरची खूण केली आणि सोन्नलगेवर प्रश्नचिन्ह. भाची रडवेली झाली. मी तिला कामतीचा शके १२३८ एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हटलं, बाईंना दाखव, भांडू नको.

चिठ्ठी घेऊन ती शाळेत गेली. अम्मी मात्र अजून सोळा गावांवर ठाम आहे.